बँकेत तीन लाख वाढले, मग तूट कशी? संस्थेच्या वार्षिक हिशेबाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या एका मराठी संस्थेत मी काही वर्षं कोषाध्यक्ष होतो. संस्था म्हणजे एक सभागृह, सव्वादोनशेच्या आसपास सदस्य, दहा दिवसांचा गणेशोत्सव आणि लग्न-मुंजीच्या मोसमात सभागृहाचं भाडं. आमसभेत हिशेबाची पानं वाटली की पाचव्या मिनिटाला रामबाग किंवा लोकमान्यनगरचे कुणी काका हात वर करायचे: "एका पानावर पैसे वाढलेत, दुसऱ्या पानावर तूट आहे. खरं कोणतं?" दोन्ही खरी असतात, पण हे उभ्या उभ्या सांगून कुणाला पटत नाही. म्हणून ते प्रश्न इथे एका उदाहरणाच्या आधाराने मांडले आहेत. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी बेतलेले आहेत. घोळ मात्र सगळे खरे, पाहिलेले.

आपण ज्याला "जमा-खर्च" म्हणतो, ते नेमकं कोणतं पत्रक?

अर्धा गोंधळ इथेच आहे. मराठीत आपण दोन्हींना जमा-खर्च म्हणतो. त्यात इंदुरात सीए साहेबांकडून पत्रकं हिंदीत किंवा इंग्रजीत येतात आणि सगळ्या गठ्ठ्यालाच "आय-व्यय पत्रक" म्हणायची सवय आहे. पानं मात्र दोन आहेत आणि दोघांचे प्रश्न वेगळे आहेत.

प्राप्ती व शोधन खातं विचारतं: १ एप्रिल ते ३१ मार्च या काळात पेटीत आणि बँकेत किती पैसा आला, किती गेला, किती उरला? पैसा कोणत्या वर्षाचा, कशासाठीचा, हे ते पाहत नाही. रोखकीर्दीचा वर्षभराचा गोषवारा म्हणजे हे खातं.

उत्पन्न व खर्च खातं विचारतं: या एका वर्षाच्या कारभाराला किती लागलं आणि या वर्षाची कमाई त्याला पुरली का? पैसा हातात आला की नाही, हे इथे गौण.

छापताना मी पानाच्या माथ्यावर हीच दोन वाक्यं ठळक टाकायचो. तेवढ्याने सभेतले निम्मे प्रश्न कमी झाले.

रोखीचं पान कसं दिसतं?

२०२४-२५ या वर्षाचं उदाहरण घेऊ.

| प्राप्ती | रुपये | शोधन | रुपये |
|---|---|---|---|
| सुरुवातीची शिल्लक (रोख ६,०००, बचत खातं १,८४,०००) | १,९०,००० | पगार | २,१६,००० |
| वार्षिक वर्गणी | २,२६,००० | वीज | ८४,००० |
| आजीव सदस्य शुल्क | १,१०,००० | गणेशोत्सव | १,५८,००० |
| सभागृह भाडं | ३,०५,००० | रंगरंगोटी | ६०,००० |
| सभागृह अनामत | ४०,००० | खुर्च्या | १,२०,००० |
| गणेशोत्सव देणग्या | १,४२,००० | विमा | २४,००० |
| इमारत निधीसाठी देणगी | २,००,००० | अनामत परत | ३०,००० |
| बचत खात्यावरचं व्याज | ५,००० | छपाई, टपाल, किरकोळ | २६,००० |
| | | लेखापरीक्षण शुल्क | १०,००० |
| | | अखेरची शिल्लक (रोख ४,०००, बचत खातं ४,८६,०००) | ४,९०,००० |
| एकूण | १२,१८,००० | एकूण | १२,१८,००० |

शिल्लक १,९०,००० वरून ४,९०,००० झाली, म्हणजे बरोबर तीन लाखांची वाढ. सभेला हे पान आवडतं, कारण घरचा हिशेब आपण असाच ठेवतो. पण यात विमा दोन वर्षांत विभागलेला आहे हे दिसत नाही, रंगाऱ्याचे पैसे अजून द्यायचे आहेत हे दिसत नाही, आणि खुर्च्या पुढची दहा वर्षं वापरायच्या आहेत हेही दिसत नाही.

त्याच वर्षाचं उत्पन्न व खर्च खातं कसं होतं?

| खर्च | रुपये | उत्पन्न | रुपये |
|---|---|---|---|
| पगार | २,१६,००० | वार्षिक वर्गणी | २,२८,००० |
| वीज | ८६,००० | सभागृह भाडं | २,७०,००० |
| गणेशोत्सव | १,५८,००० | गणेशोत्सव देणग्या | १,४२,००० |
| रंगरंगोटी | १,०५,००० | व्याज | ४०,००० |
| विमा | १२,००० | | |
| छपाई, टपाल, किरकोळ | २६,००० | | |
| लेखापरीक्षण शुल्क | १०,००० | | |
| घसारा | १,०५,००० | तूट | ३८,००० |
| एकूण | ७,१८,००० | एकूण | ७,१८,००० |

आता एकेक ओळ रोखीच्या पानाशी जुळवून पाहा.

वर्गणीचे २,२६,००० आले, पण त्यातले १८,००० मागच्या वर्षीची थकबाकी होती आणि १०,००० पुढच्या वर्षाचे आगाऊ. या वर्षाचे फक्त १,९८,०००. सदस्य २२८, वर्गणी हजार रुपये, म्हणजे ३० जणांचे ३०,००० अजून येणं आहे. ते धरून उत्पन्न २,२८,०००. दोन पानांवरचे आकडे जवळजवळ सारखे आले तो निव्वळ योगायोग आहे. आत बरीच उलथापालथ झालेली असते.

भाड्याच्या ३,०५,००० पैकी ३५,००० एप्रिल-मे २०२५ मधल्या तारखांचे आगाऊ आहेत. ती लग्नं पुढच्या वर्षात होणार, तर कमाईही पुढच्या वर्षाची.

वीजबिलाचे ८४,००० भरले. त्यातले ७,००० मार्च २०२४ च्या बिलाचे, ते वजा. मार्च २०२५ चं ९,००० चं बिल एप्रिलमध्ये भरलं, ते मिळवलं. झाले ८६,०००.

रंगाऱ्याचं बिल १,०५,०००. त्याला साठ हजार दिले, पंचेचाळीस बाकी. भिंत मात्र या वर्षी पूर्ण रंगली, म्हणून खर्चही पूर्ण. इमारतीचा विमा पहिल्यांदाच उतरवला, १ ऑक्टोबरपासून वर्षभरासाठी. ३१ मार्चपर्यंत सहा महिने वापरला, म्हणून २४,००० पैकी १२,०००. लेखापरीक्षणाचे दिलेले दहा हजार मागच्या वर्षाचे होते, आणि या वर्षाचे तेवढेच द्यायचे आहेत. म्हणून आकडा तोच राहिला.

मग तीन लाखांची वाढ आणि अडतीस हजारांची तूट, हे एकमेकांशी जुळतं कसं?

सीए साहेब दोन्ही पानं देतात, पण त्यांना जोडणारं पान सहसा देत नाहीत, कारण ते मागण्याची रीत नाही. आमसभेसाठी तेच सगळ्यात कामाचं. मी ते अर्ध्या पानाचं करायचो आणि दोन्ही खात्यांच्या मध्ये लावायचो. नाव "मेळ".

| मेळ | रुपये |
|---|---|
| उत्पन्न व खर्च खात्याप्रमाणे तूट | – ३८,००० |
| घसारा: खर्चात धरला, पैसा कुठेच गेला नाही | + १,०५,००० |
| आजीव शुल्क १,१०,०००, इमारत निधी २,००,०००, अनामत (निव्वळ) १०,०००: पैसा आला, उत्पन्न नाही | + ३,२०,००० |
| खुर्च्या: पैसा गेला, मालमत्ता झाली | – १,२०,००० |
| आगाऊ, थकीत आणि येणं यांचा निव्वळ फरक | + ३३,००० |
| रोख व बँक शिल्लकेतली वाढ | ३,००,००० |

शेवटच्या ३३,००० ची फोड हवी असेल तर: आगाऊ भाडं ३५,००० आणि रंगाऱ्याचं देणं ४५,००० यांनी शिल्लक फुगली, मुदत ठेवीचं अजून हाती न आलेलं व्याज ३५,००० आणि विम्याचा पुढच्या वर्षाचा भाग १२,००० यांनी ती आटली. वर्गणीचा २,००० चा आणि विजेचा २,००० चा फरक एकमेकांत फिटला.

मेळ एका रुपयानेही चुकला तर खातं पुन्हा उघडायचं. "किरकोळ फरक" अशी ओळ टाकून जुळवू नका. दोनशे रुपयांच्या फरकाआड वीस हजारांच्या दोन उलटसुलट चुका लपलेल्या मी पाहिल्या आहेत.

बँकेत पावणेपाच लाखांवर रक्कम आहे. मग यंदा वर्गणी वाढवायचं काय कारण?

हा प्रश्न रास्त आहे आणि उत्तर ताळेबंदात आहे. ४,९०,००० मधून इमारत निधीचे दोन लाख बाजूला काढा, ते एका कुटुंबाने लिफ्टसाठी दिलेत. रंगाऱ्याचे ४५,०००, विजेचे ९,०००, लेखापरीक्षणाचे १०,०००, एकाची अनामत १०,०००, आगाऊ भाडं ३५,०००, आगाऊ वर्गणी १०,००० हेही बाजूला. संस्थेच्या हाताला मोकळे उरतात १,७१,०००. त्यातही आजीव सदस्यांकडून एकदाच आलेले १,१०,००० आहेत आणि त्यांच्याकडून पुन्हा वर्गणी येणार नाही. हे गणित फळ्यावर करून दाखवलं की वर्गणीवरची चर्चा अर्ध्या तासात आटोपते. एरवी पोहे-जलेबी गार होईपर्यंत चालते.

जमा एका पानावर डावीकडे आणि दुसऱ्यावर उजवीकडे का?

चूक नाही, मांडणीच तशी आहे. प्राप्ती व शोधन खातं रोखकीर्दीच्या वळणाचं असतं: आलेला पैसा डावीकडे, गेलेला उजवीकडे. उत्पन्न व खर्च खातं नफा-तोटा खात्याच्या वळणाचं: खर्च डावीकडे, उत्पन्न उजवीकडे. ज्यांनी जन्मभर कीर्दीत डावीकडे जमा पाहिली, त्यांना दुसरं पान उलटं छापल्यासारखं वाटतं. एका वर्षी छापखान्यातल्या माणसाने आमचं पान "सुधारून" बाजू बदलून दिल्या होत्या, बिचाऱ्याने चांगल्या मनानेच.

सदस्यांसाठीच्या अहवालात उभी मांडणी करा असं मी म्हणेन: वर उत्पन्न, खाली खर्च, शेवटी आधिक्य किंवा तूट, आणि शेजारच्या रकान्यात मागच्या वर्षाचे आकडे. डावं-उजवं हा प्रश्नच उरत नाही, आणि पडद्यावर दाखवलं तरी मागच्या रांगेतून वाचता येतं. आकडे सहीच्या पत्रकातलेच ठेवा, फक्त त्यांची जागा बदला.

आजीव सदस्य शुल्क आणि इमारत निधी उत्पन्नात का धरत नाही?

आजीव सदस्य एकदा अकरा हजार देतो आणि पुढची तीस वर्षं सभासद राहतो. ते सगळं एका वर्षाच्या कमाईत धरलं तर त्या वर्षी संस्था श्रीमंत दिसते आणि नंतरची एकोणतीस वर्षं त्याच्या वाट्याचा खर्च इतर सोसतात. म्हणून ते ताळेबंदात भांडवल निधीत घेतात. काही संस्था त्यातला ठराविक हिस्सा दरवर्षी उत्पन्नात आणतात. तेही चालतं, पण एकदा धरलेली रीत मध्येच सोडू नका, आणि कोणती रीत आहे ते टिपेत लिहा.

इमारत निधी उत्पन्नात न धरण्याचं कारण देणाऱ्याची अट हे आहे. मात्र अट लेखी हवी. "काकांनी फोनवर सांगितलं होतं" हे लेखापरीक्षकाला पुरत नाही. पावतीवर "इमारत निधीसाठी" असं लिहिलेलं आणि देणगीदाराचं दोन ओळींचं पत्र फाइलमध्ये असलं की झालं. पत्र नसेल तर ती साधी देणगी ठरून उत्पन्नात जाण्याचा संभव असतो.

या दोन रकमा उत्पन्नात घातल्या असत्या तर आपल्या उदाहरणात तुटीच्या जागी २,७२,००० चं आधिक्य दिसलं असतं. हा मोह कार्यकारिणीला निवडणुकीच्या वर्षी जास्त होतो, असा माझा अनुभव.

मुदत ठेव कोणत्या पानावर दाखवायची?

इथे मी स्वतः तोंडघशी पडलो आहे. पहिल्याच वर्षी पाच लाखांची ठेव मुदत संपून बचत खात्यात आली आणि चार दिवसांनी पुन्हा ठेवली गेली. ती मी प्राप्तीत बरोबर लिहिली, पुन्हा ठेवली ते शोधनातही लिहिलं. पण सभेसाठी तोंडी गोषवारा सांगताना "यंदा एकूण जमा इतकी" म्हणून पाच लाखांसकट आकडा वाचला. सुदामानगरच्या एका निवृत्त बँकवाल्या काकांनी तिथेच विचारलं, "अरे, आपलेच पैसे आपल्याला परत मिळाले, त्याला जमा कसली म्हणतोस?" तेव्हापासून ठेव मोडणं आणि पुन्हा ठेवणं या दोन ओळी मी इतर प्राप्ती-शोधनापासून वेगळ्या, तळाशी ठेवल्या.

उदाहरणातली पाच लाखांची ठेव वर्षभर बँकेत तशीच होती, म्हणून ती रोखीच्या पानावर नाही, फक्त ताळेबंदात आहे. तिचं व्याज मुदतीअखेर एकदम मिळणार. तरी या वर्षाचं सात टक्क्यांचं ३५,००० व्याज उत्पन्नात धरलं आहे, कारण ते याच वर्षात साचलं. बँकेने त्यावर कर कापला असेल तरी व्याज पूर्ण दाखवायचं आणि कापलेली रक्कम ताळेबंदात येणं म्हणून ठेवायची.

गणेशोत्सवाच्या देणग्यांतून खर्च वजा करून फक्त फरक दाखवला तर?

दाखवू नका. १,४२,००० जमा, १,५८,००० खर्च, पदरचे सोळा हजार. पानावर नुसतं "गणेशोत्सव तूट १६,०००" आलं, तर दीड लाखाच्या वर उलाढाल झाली हे कुणाला कळणारही नाही. आणि ज्यांनी पाचशे-हजाराच्या पावत्या फाडल्या त्यांना आपला पैसा हिशेबात दिसायला हवा. दोन्ही आकडे पूर्ण द्या आणि मंडप, मूर्ती, प्रसाद, कलाकारांचं मानधन अशी फोड परिशिष्टात लावा.

थकीत वर्गणी किती वर्षं "येणं" म्हणून दाखवत राहायची?

जोवर येईल असं खरंच वाटतं तोवर. पुण्याला किंवा बंगळुरूला मुलाकडे कायमचे गेलेले, फोन न उचलणारे सदस्य यादीत राहतात आणि त्यांची वर्गणी दरवर्षी उत्पन्नात जमा होत जाते. कागदावर उत्पन्न वाढतं, पेटीत दमडी येत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: ताळेबंदातली "येणे वर्गणी" दरवर्षी चढत असेल आणि रोखीच्या पानावर जुन्या थकबाकीची वसुली नगण्य असेल, तर ते येणं बुडीत आहे. नियमावलीत सदस्यत्व संपण्याची तरतूद असते, तिच्याप्रमाणे नावं काढा आणि ठराव करून रक्कम खर्ची टाका. एका वर्षी आकडा वाईट दिसेल.

घसारा दाखवला नाही तर तूटच राहत नाही. मग कशाला दाखवायचा?

हो, घसारा वगळला तर ६७,००० चं आधिक्य येतं. उदाहरणात इमारतीची घटती किंमत आठ लाख, जुनं फर्निचर १,३०,००० आणि जूनमध्ये घेतलेल्या खुर्च्या १,२०,०००. मिळून साडेदहा लाखांवर दहा टक्के. खुर्च्या मोडतातच. घसारा नसेल तर ज्या वर्षी नव्या घ्याव्या लागतील त्या वर्षी कार्यकारिणी सदस्यांकडे एकदम लाखभर मागायला उभी राहते. एक गोष्ट मात्र सभेत स्पष्ट सांगा: घसारा खर्चात धरला म्हणून पैसे आपोआप वेगळे साठत नाहीत. त्यासाठी तेवढी ठेव करावी लागते.

लहान संस्थेने फक्त प्राप्ती व शोधन खातं दिलं तर भागेल का?

पंधरा-वीस जणांच्या भिशीला भागेल. पण मध्यप्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, १९७३ खाली नोंदलेल्या, स्वतःची वास्तू आणि ठेवी असलेल्या संस्थेला ते पुरत नाही, कारण देणी आणि निधी त्यात दिसत नाहीत. आणि पंजीयक कार्यालयात एक हिशेब, सदस्यांच्या हातात दुसरा, असं कधीच करू नका. मराठी अहवालातले आकडे सहीच्या पत्रकातलेच हवेत.

मी साधा सदस्य आहे. सभेत बसल्या बसल्या काय तपासू?

मागच्या वर्षीचा अहवाल सोबत आणा. त्यातली अखेरची शिल्लक आणि यंदाची सुरुवातीची शिल्लक रुपयाने रुपया तीच आहे का, पाहा. मग रोखीच्या पानावर मोठ्या ओळी शोधा ज्या उत्पन्न-खर्चात नाहीत, जशा इथे खुर्च्या, आजीव शुल्क, इमारत निधी, आणि त्या ताळेबंदात सापडतात का ते बघा. उलट, उत्पन्न-खर्चात आहे पण रोखीत नाही अशी ओळ घसाऱ्याची. तिचा आकडा स्थावर-जंगम मालमत्तेच्या परिशिष्टाशी जुळायला हवा. बँकेचं ३१ मार्चचं शिल्लक प्रमाणपत्र मागायलाही लाजू नका. फक्त एक लक्षात असू द्या: ३० मार्चला दिलेला धनादेश एप्रिलमध्ये वटला असेल, तर बँकेचा आकडा कीर्दीपेक्षा जास्त दिसेल. त्यासाठी कोषाध्यक्षाकडे बँक जुळवणी पत्रक असतं, तेच दाखवायला सांगा.